कर्म आणि पुनर्जन्म : आठवी ते दहावीच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल्यशिक्षणाचा तास असो, इतिहासात बुद्ध-महावीरांचा धडा असो की सर रजेवर आहेत म्हणून मिळालेला ऑफ तास, कर्माचा विषय निघाला की वर्गात त्याच त्याच शंका येतात, म्हणून त्या इथे एका जागी लिहून ठेवल्यात. यात "खरं काय" ते ठरवून सांगितलेलं नाही, कोण काय मानतं आणि का मानतं ते सांगितलंय. उदाहरणातला बंड्या हा जोकमधला बंड्याच आहे, तुमच्या वर्गात त्या नावाचं कोणी असेल तर त्याला चिडवू नका. मध्ये मध्ये "झटपट तपासा" आहे, तिथे आधी स्वतः उत्तर द्या आणि मग खालची ओळ वाचा.

कर्म म्हणजे नशीबच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. "माझं कर्मच फुटकं" असं आपण कपाळावर हात मारून म्हणतो तेव्हा आपल्याला नशीब म्हणायचं असतं, पण मूळ विचारात कर्म म्हणजे आपण केलेली कृती, आणि त्या कृतीचं फळ करणाऱ्याकडे कधी ना कधी परत येतं असा नियम. नशीब आपल्यावर येऊन पडतं, कर्म आपण करतो, एवढा फरक आधी डोक्यात पक्का करा म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आता कृती म्हणजे कुठली? हात-पाय हलवले की झालं कर्म? प्रयोगशाळेतला काचेचा बीकर घ्या. पहिल्या दिवशी बंड्याच्या हातून तो निसटून फुटला, खाली पाणी सांडलेलं होतं, पाय घसरला. दुसऱ्या दिवशी बंड्याने मुद्दाम फोडला, कारण शेजारच्या ग्रुपचा प्रयोग आधी पूर्ण होत होता. तिसऱ्या दिवशी फोडायचा पूर्ण विचार होता, हातही पुढे गेला, तेवढ्यात मॅडम आल्या म्हणून राहिलं. काचा दोनच दिवस फुटल्या, पण कर्म कुठल्या कुठल्या दिवशी झालं?

बुद्धांचं उत्तर अगदी स्पष्ट आहे, ते म्हणतात चेतना म्हणजेच कर्म, म्हणजे मनातला हेतू. त्या हिशेबाने पहिल्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी मोठं झालं, आणि तिसऱ्या दिवशी काच शाबूत असली तरी मनाचं कर्म झालंच. जैन विचार इथे जास्त कडक आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा शब्द मुद्दाम घातलाय. "माझ्या मनात नव्हतं" म्हणून सुटका होत नाही, पाणी सांडलेलं दिसत असून पुसलं का नाहीस, हा प्रश्न उरतोच. कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांच्या शेजारी जैन कुटुंबं आहेत त्यांनी सूर्यास्ताआधी जेवण उरकणं, पाणी गाळून पिणं बघितलं असेल, त्यामागे हाच सावधपणा आहे.

झटपट तपासा: बंड्याला गणिताच्या वहीत सापडलेली चिठ्ठी त्याने न वाचता मॅडमना दिली, आणि त्यामुळे मित्राला ओरडा बसला. बुद्धांच्या व्याख्येने बंड्याचं हे वाईट कर्म का?
उत्तर: ते हेतूवर ठरेल. कोणाची आहे हे माहीत नसताना दिली असेल तर नाही. मित्राला अडकवायलाच दिली असेल तर हो, वरवर ते कितीही प्रामाणिकपणाचं काम दिसलं तरी.

हे फळ देतं कोण? देव वरून बघतो का?

यावर आपल्याकडे एकमत नाही, आणि हे मुलांना कोणी सांगतच नाही, सगळ्यांना वाटतं चित्रगुप्त वही घेऊन बसलाय आणि विषय संपला.

तुमच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे पेपर तपासणं. शिष्यवृत्ती परीक्षेत ओएमआर शीट असते, तुम्ही गोळा भरला, मशीनने वाचला, मार्क पडले, मध्ये कोणाची मर्जी नाही. जैन आणि बौद्ध विचारात कर्माचं फळ साधारण असं येतं, वाटणारा कोणी नाही. जैन तर म्हणतात कर्म हे अतिसूक्ष्म कणांसारखं खरोखर जिवाला येऊन चिकटतं. मीमांसा मानणारे वैदिक पंडितसुद्धा फळासाठी देवाची गरज मानत नव्हते, यज्ञ केला की त्यातून "अपूर्व" नावाची एक न दिसणारी शक्ती तयार होते आणि वेळ आली की तीच फळ देते असं ते सांगायचे.

वेदान्ताचं म्हणणं वेगळं. कर्म तर जड आहे, त्याला कळणार कसं कोणाला कधी काय द्यायचं, म्हणून फळ ईश्वर देतो. पण तो मनाला येईल तसं देत नाही, बाई जशा तुमचाच पेपर वाचून मार्क देतात तसं. तुम्ही कोरा पेपर दिला तर बाई कितीही प्रेमळ असल्या तरी कशाला मार्क देणार?

मग कॉपी करणाऱ्याला नव्वद टक्के आणि मला साठ, हे कसं काय?

हा प्रश्न सहामाहीच्या रिझल्टनंतर हमखास येतो, आणि रागाने येतो. बरोबरच आहे राग.

पहिलं उत्तर असं की फळ लगेच दिसत नाही. धम्मपदात म्हटलंय की पाप पिकत नाही तोवर पापी माणसालाही चांगलेच दिवस दिसतात, आणि तसंच चांगल्या माणसालाही त्याचं पुण्य पिकेपर्यंत वाईट दिवस दिसतात. दुसरं उत्तर मला स्वतःला जास्त पटतं. मार्क हे कॉपीचं एकच फळ झालं, दुसरं फळ आत तयार होतं, त्याला संस्कार म्हणतात. ज्याने चार चाचण्यांत कॉपी केली त्याचा हात पाचव्या चाचणीत आपोआप खिशाकडे जातो, आणि दहावीच्या बोर्डाला जेव्हा भलत्याच शाळेत सेंटर येतं तेव्हा त्याला वर्गमूळ काढता येत नाही. हे फळ बाहेरून कोणी दिलेलं नाही, ते कृतीतच होतं.

पण खरं सांगायचं तर या दोन उत्तरांनी सगळं मिटत नाही. आयुष्यभर लुबाडून सुखाने म्हातारपणी झोपेत गेलेली माणसं आपण बघतोच, आणि ज्याने कोणाचं काही वाईट केलं नाही त्याच्या वाट्याला नुसते हालच, हेही बघतो. इथे नियम तुटल्यासारखा वाटतो. आणि नेमक्या याच जागी पुनर्जन्म येतो, हिशेब या जन्मात जुळला नाही तर पुढच्यात जुळेल. म्हणजे पुनर्जन्म ही भुताखेतांसारखी वेगळी गोष्ट नाही, कर्माचा नियम शेवटपर्यंत ताणला की तो मानावाच लागतो.

झटपट तपासा: "कर्म मानतो पण पुनर्जन्म मानत नाही" असं कोणी म्हणालं तर त्याला कुठला प्रश्न विचाराल?
उत्तर: ज्या कर्मांचं फळ मरेपर्यंत मिळालं नाही त्यांचं काय झालं? त्याच्याकडे याचं उत्तर असू शकतं, उदाहरणार्थ फळ म्हणजे फक्त सवय आणि स्वभाव, बाकी काही नाही. पण मग "सगळ्याचा न्याय होतो" हे म्हणणं त्याला सोडावं लागेल.

ही कल्पना पहिल्यांदा कोणी मांडली?

पहिला कोण ते बोट दाखवून सांगता येत नाही, पण बृहदारण्यक उपनिषदात एक भारी प्रसंग आहे. जनक राजाच्या दरबारात वादविवाद चाललाय, आर्तभाग नावाचा एक जण याज्ञवल्क्याला विचारतो की माणूस मेल्यावर त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वायूत, डोळा सूर्यात, तर मग तो माणूस स्वतः कुठे असतो? याज्ञवल्क्य भर सभेत उत्तर देत नाही. म्हणतो, बाळा, हात दे, हे आपण दोघंच समजून घेऊ, इथे लोकांत नको. दोघे बाहेर जाऊन बोलतात, आणि ते कर्माबद्दल बोलले एवढंच उपनिषद सांगतं, चांगल्या कर्माने माणूस चांगला होतो आणि वाईटाने वाईट. म्हणजे आज जी गोष्ट रिक्षाच्या मागे लिहिलेली असते ती तेव्हा चारचौघांत बोलायची नव्हती.

एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जातं तरी काय?

हिंदू परंपरेतलं उत्तर गीतेत आहे, दुसऱ्या अध्यायात, जुने कपडे टाकून माणूस नवे घालतो तसा आत्मा जुनं शरीर टाकून नवं घेतो. युनिफॉर्मवरून बघा, पाचवीतली हाफ पँट आठवीत होत नाही, फुल पँट येते, आतला मुलगा तोच. इथे आत्मा न बदलणारा आहे.

बुद्ध म्हणतात असा न बदलणारा आत्मा शोधून सापडत नाही. मग लगेच वर्गातून कोणीतरी म्हणतं, आत्माच नाही तर पुनर्जन्म कोणाचा? हीच शंका मिलिंद राजाला आली होती. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनॅन्डर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला, त्याची राजधानी सागल, म्हणजे आताच्या पाकिस्तानातलं सियालकोट असं मानतात. त्याचे आणि भिक्खू नागसेनांचे प्रश्नोत्तर मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात आहेत. नागसेन त्याला चक्क शाळेतलं उदाहरण देतात. राजा, लहानपणी गुरूंकडून एखादा श्लोक शिकलास का? शिकलो. मग तो श्लोक गुरूंमधून निघून तुझ्यात आला का? नाही. बाईंनी तुम्हाला कविता पाठ करून घेतली, आता ती तुम्हाला येते, पण बाईंकडची संपली नाही, कुठली वस्तू उडत तुमच्याकडे आली नाही, तरी बाईंच्या म्हणण्याशिवाय तुमचं म्हणणं झालंच नसतं. पुढचा जन्म मागच्यामुळे होतो, पण कोणी इकडून तिकडे जात नाही.

राजा हुशार होता, त्याने पुढची पळवाट काढली. कोणी जातच नाही तर मग मागच्याचं कर्म पुढच्याने का भोगायचं, तो तर सुटला की! यावर नागसेन आंब्याच्या चोराची गोष्ट सांगतात, आणि ही नीट सावकाश वाचा कारण सगळा मुद्दा तिच्यात आहे. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. मालकाने त्याला धरून राजापुढे आणलं. चोर म्हणाला, महाराज, मी याचे आंबे चोरलेच नाहीत, याने जमिनीत लावला तो आंबा वेगळा आणि मी झाडावरून तोडले ते वेगळे, मला शिक्षा कशाची? राजा, तू त्याला सोडशील का? मिलिंद म्हणतो, छे, शिक्षा होणारच. का? कारण तो काही म्हणो, आधी लावलेल्या आंब्याशिवाय हे आंबे आलेच नसते. तसंच हे, नागसेन म्हणतात, या शरीर-मनाने कर्म केलं आणि त्यातून दुसरं शरीर-मन आलं, म्हणून ते सुटत नाही. "तोच" आहे असंही नाही आणि "दुसराच कोणी" असंही नाही.

झटपट तपासा: बंड्या नववीत आल्यावर म्हणाला, "सर, सहावीत लायब्ररीचं पुस्तक हरवलं ते मी नव्हतो, माझी उंची वेगळी, आवाज वेगळा, आवडीनिवडी वेगळ्या, दंड त्या सहावीच्या मुलाकडून घ्या." गीता काय म्हणेल, नागसेन काय म्हणतील?
उत्तर: गीता म्हणेल शरीर बदललं, आतला तूच आहेस, दंड भर. नागसेन म्हणतील तू अगदी तोच नाहीस हे मान्य, पण त्याच्यावाचून तू झाला नसतास, दंड भर. दंड काही चुकत नाही.

मागचा जन्म असतो तर आठवत का नाही?

मानणारे म्हणतात, तुम्हाला चालायला शिकलेलं कुठे आठवतं, तरी चालताच ना? आठवण जाते, शिकलेलं राहतं. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या जुन्या विचारपरंपरेत, यावर पुरावासुद्धा दिलाय. जन्मलेलं बाळ कोणी न शिकवता दूध ओढतं, सवयीशिवाय हे कसं जमेल, म्हणजे ती सवय आधीच्या जन्मातली. आणि गंमत म्हणजे लगेच पुढच्याच सूत्रात प्रतिपक्षाची शंका पण लिहून ठेवलीय, की लोखंड लोहचुंबकाकडे जातं त्याला काय मागच्या जन्मीची सवय असते का? वादविवाद असा करायचा असतो, समोरच्याची शंका स्वतःच मांडायची. न्यायवाले मग तिलाही उत्तर देतात, पण आज जीवशास्त्र शिकलेला दहावीचा मुलगा बाळाच्या उदाहरणाला सरळ म्हणेल की ही उपजत प्रेरणा आहे, जन्मतः येणारी प्रतिक्षिप्त क्रिया. बरोबर आहे त्याचं.

सायन्सने सिद्ध झालंय का? यूट्यूबवर मागचा जन्म आठवणारी मुलं दाखवतात.

सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी कितीतरी वर्षं अशा मुलांच्या हकिगती गोळा केल्या, भारतातल्याही, आणि १९६६ साली त्यातल्या वीस प्रकरणांचं पुस्तक काढलं. त्यांनी स्वतः नावातसुद्धा "सुचवणारी" प्रकरणं असंच म्हटलं. त्यांच्यावरचे आक्षेप साधे आहेत, दोन्ही कुटुंबं आधीच भेटलेली असतात, मोठी माणसं मुलाला नकळत उत्तर सुचवतात, आणि ज्या बोलण्याचा मेळ बसत नाही ते सगळे विसरून जातात. आपल्याकडे चार्वाकांनी तर फार पूर्वीच सांगून टाकलं होतं की शरीर जळलं की संपलं, परत येणारं कोणी नाही. पेपरात "सिद्ध झाले आहे" असं लिहू नका, "अमुक परंपरा मानते" असं लिहा.

एखादा मुलगा दिव्यांग आहे किंवा गरीब घरात जन्मला, म्हणजे त्याने मागच्या जन्मी पाप केलं होतं का?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. कारण हा प्रश्न नुसता प्रश्न राहत नाही, मधल्या सुट्टीत कोणाच्या तरी तोंडावर फेकला जातो.

आधी तर्क बघू. अभ्यास केला नाही तर मार्क कमी पडतात, हे मान्य करू. आता एका मुलीला चाचणीत २० पैकी ६ पडले. यावरून तिने अभ्यास केला नाही असं ठरतं का? तिला ताप होता, किंवा आदल्या दिवशी घरी कोणी वारलं होतं, किंवा शेवटच्या बाकावरून फळ्यावरचे आकडे दिसलेच नाहीत आणि चष्मा लागलाय हे अजून कोणाच्या लक्षात नाही, किंवा बेरीज करताना सरांचीच चूक झाली. कारणावरून परिणाम सांगता येतो म्हणून परिणामावरून मागे जाऊन तेच एक कारण होतं असं म्हणता येत नाही. "वाईट कर्माचं फळ वाईट" यावरून "ज्याचं वाईट झालं त्याने वाईट केलं होतं" हे निघत नाही. नीट दोनदा वाचा, कारण मोठी माणसंही इथे घसरतात.

हे काही मी आजच्या काळाला धरून सांगतोय असं नाही. राजगृहात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना थेट विचारलं होतं, काही जण म्हणतात माणूस सुख-दुःख जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे, आपलं काय मत? बुद्ध म्हणाले, हे म्हणणं चूक आहे. आणि त्यांनी आठ कारणं मोजली: पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र बिघडणं, ऋतूतला बदल, स्वतःची नीट काळजी न घेणं, कोणी केलेली इजा, आणि शेवटी आठवं, कर्माचा विपाक, म्हणजे पिकलेलं फळ. आठांतलं एक! आणि ते म्हणतात की बाकीची कारणं तर तुम्ही स्वतःही ओळखू शकता, जगही ती मानतं.

पण खोटं चित्र रंगवायचं नाही. सगळ्या ग्रंथांत असं नाहीये. छांदोग्य उपनिषदात सरळ लिहिलंय की चांगलं वागणारे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांच्या पोटी जन्मतात आणि वाईट वागणारे कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ यांच्या. जात म्हणजे मागच्या जन्माचा निकाल, असा याचा वापर शेकडो वर्षं झाला, आणि ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांनाच पटवलं गेलं की दोष तुमचा. चोखामेळ्यांच्या एका अभंगात हे दिसतं, पूर्वी कृष्णाची निंदा घडली म्हणून महार जन्म मिळाला असं ते स्वतःबद्दल म्हणतात. वाचताना पोटात तुटतं. पण तेच चोखोबा दुसरीकडे विचारतात की आधीपासून अंतापर्यंत सगळा विटाळच साचलाय, तर मग सोवळा झाला तो कोण? म्हणजे मान्यही केलं आणि उलटा प्रश्नही टाकला. त्यांचा मृत्यू १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून झाला. आता सांगा, ती भिंत पडली ते कोणाच्या कर्मामुळे? का कच्च्या भिंतीखाली काम करायला कोणाला पाठवायचं हे जातीने ठरलेलं होतं म्हणून?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच धागा धरला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि बुद्धांवरचा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आला. त्यात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारलाय. त्यांचा मुद्दा असा की गरिबी आणि हीन स्थिती मागच्या जन्मामुळे असं एकदा म्हटलं की समाज आणि सरकार दोघंही जबाबदारीतून मोकळे होतात. कर्माचा नियम त्यांना मान्य होता, पण या जगातल्या नैतिक व्यवस्थेचा म्हणून, आपण जसं वागू तसा समाज बनतो या अर्थाने.

झटपट तपासा: व्हीलचेअरवरच्या मुलीला वर्ग दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे रोज उचलून न्यावं लागतं. "तिचं कर्म" असं कोणी म्हणालं. इथे सीवकाला दिलेलं उत्तर आणि बाबासाहेबांचा मुद्दा कसा लागू होईल?
उत्तर: पाय का गेले याची कर्म सोडून कितीतरी कारणं असू शकतात, आणि जिना तर मागच्या जन्मी बांधलेला नाही. वर्ग तळमजल्यावर आणणं हे शाळेचं आत्ताचं कर्म आहे, आणि न आणणं हेही.

संचित, प्रारब्ध, क्रियमाण यातला फरक पाठच होत नाही.

पाठ करू नका, वर्गातली स्वतःची जागा बघा. आतापर्यंत पहिलीपासून जे काही शिकलात, जे टाळलंत, त्याचा सगळा साठा म्हणजे संचित. त्यातलं जेवढं आज समोर आलंय, म्हणजे अपूर्णांक कच्चे राहिलेत म्हणून आज बीजगणित जड जातंय, ते प्रारब्ध. आणि आज संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून अपूर्णांक काढून बसलात की नाही, ते क्रियमाण. प्रारब्ध बदलता येत नाही, ते सुटलेल्या बाणासारखं असतं असं शंकराचार्यांच्या भाष्यात आहे, पण भात्यातले बाण अजून तुमच्या हातात आहेत. एक सावधगिरी, हे उदाहरण फरक समजायला आहे, संचितात मागचे जन्मही धरतात ते विसरू नका.

चांगलं काम केलं की वाईट वजा होतं का, प्लस-मायनससारखं?

लोक तसंच मानतात, दानपेटीत पैसे टाकले की खातं क्लिअर. बौद्ध सूत्रात मात्र वजाबाकी नाही, मिठाचा खडा आहे, आणि हा प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे (घरी म्हणजे घरीच, प्रयोगशाळेतल्या भांड्यातलं काही चाखायचं नाही). एक चमचा मीठ पेलाभर पाण्यात टाका, पिववणार नाही. तेवढंच मीठ बादलीभर पाण्यात टाका, चव जेमतेम लागेल. सूत्रात बादलीच्या जागी गंगा आहे. मीठ दोन्हीकडे तेवढंच, कमी झालेलं नाही, पाणी वाढलं. छोटंसं वाईट कर्म कोत्या मनाच्या माणसाला बुडवतं आणि मन मोठं केलेल्याला जेमतेम जाणवतं, असं बुद्ध सांगतात.

म्हणून अंगुलिमालाचं उदाहरण घेताना अर्धवट सांगू नका. खुनी होता, भिक्खू झाला, सुधारला, इथेच गोष्ट थांबवतात. पुढे तो भिक्षेला गेल्यावर दगड-काठ्यांचे मार खाऊन, डोकं फुटून, पात्र फुटून परत येतो, आणि बुद्ध त्याला म्हणतात, सहन कर, जे फळ नरकात फार काळ भोगावं लागलं असतं ते तू इथेच भोगतोयस. फळ पुसलं गेलं नाही.

मोक्ष म्हणजे परीक्षा संपून सुट्टी लागणं का?

जवळपास. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं, कोणी मोक्ष म्हणतं, कोणी निर्वाण, रस्ते वेगळे. पण सगळ्यांना ही सुट्टी हवीच असते असं नाही. तुकोबांनी "न लगे मुक्ती" म्हणून सांगितलंय, संतांची संगत आणि देवाची आठवण मिळणार असेल तर खुशाल पुन्हा गर्भवासात घाला. शाळा सुटू नये म्हणणारी मुलं असतात ना वर्गात एखाद-दोन, तसं.

घरी आजी वेगळं सांगते आणि पुस्तकात वेगळं आहे, पेपरात काय लिहू?

प्रश्नात कुठल्या परंपरेचं नाव आहे ते आधी बघा. "बौद्ध मतानुसार" असं विचारलं आणि तुम्ही आत्मा लिहिलात तर मार्क जाणार. "तुमचे मत लिहा" असं असेल तर आजीचंही लिहा, फक्त ते आजीचं का पटतं किंवा पटत नाही त्याचं एक कारण द्या. आणि घरी जाऊन आजीला दुरुस्त करू नका, तिला विचारा तिला हे कोणी सांगितलं, कीर्तनात ऐकलं की पोथीत, त्यातून जास्त कळतं.

शेवटी सगळ्याचे मिळून दोन-तीन प्रश्न द्या ना, सरावाला.

१) देव मानत नाही पण कर्म मानतो, असं असू शकतं का? हो, जैन आणि बौद्ध परंपरेत फळ देणारा ईश्वर नाहीच, मीमांसकांनाही फळासाठी तो लागत नव्हता.

२) बंड्याने स्वच्छता मोहिमेत फोटो काढेपर्यंत झाडू धरला आणि फोटो झाल्यावर टाकून दिला. मैदान तेवढं तरी स्वच्छ झालं. कर्म कसलं? मैदानाचा फायदा खरा आहे, पण बंड्याचं कर्म हेतूवरून मोजलं तर ते फोटोचं कर्म आहे, सफाईचं नाही.

३) "त्याचं जसं कर्म तसं त्याला फळ, आपण कशाला मदत करायची?" यातली चूक सांगा. मदत न करणं हेही कर्मच आहे, आणि ते त्याचं नाही, तुमचं.